५ मुलांची ऑनलाइन शिकवणी : व्हाइटबोर्ड कोणता वापरावा, क्विझ कशात करावी?

सायली_गणित

नमस्कार मंडळी. मी घरून गणिताच्या शिकवण्या घेते. सातवीच्या ५ मुलांची एक बॅच आता पूर्णपणे ऑनलाइन झाली आहे. तिघांकडे लॅपटॉप, दोघांकडे फक्त फोन. माझ्याकडे लिहायला पेन टॅबलेट आहे, त्यामुळे माझं फळ्यावरचं लिखाण मुलांना नीट दिसतं, तो प्रश्न नाही.

अडचण उलट बाजूची आहे. मी एक गणित सोडवून दाखवते, दुसरं त्यांना देते, "झालं का रे?" म्हणून विचारते आणि पाचही आवाज येतात, "हो मिस." नंतर वह्यांचे फोटो आले की कळतं, दोघांना काहीच उमगलेलं नव्हतं. समोर बसवून शिकवताना वहीत नुसतं डोकावलं तरी कळायचं.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, मुलांनाही लिहिता येईल असा बोर्ड. दोन, शेवटच्या दहा मिनिटांत घेता येईल अशी छोटी क्विझ. मुलांना खातं उघडायला लावायचं नाही, फोनवर नवीन अॅप टाकायला पालक तयार नाहीत. सध्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे.

कुंदन७७

मिरो घ्या, डोळे झाकून. बोर्ड कितीही पसरवा, संपत नाही. फुकट आहे. नाहीतर गूगलचं जॅमबोर्ड, ते तर एकदम सोपं. क्विझसाठी कहूट. मुलं वेडी होतात त्याच्यासाठी.

अभय_फळेवाला

कुंदन, जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. मिरो फुकट आहे हे खरं, पण फुकटात ३ च बोर्ड संपादित करता येतात. एका बॅचला तेवढे पुरतीलही, दर वेळी पुसून वापरायचे. पण ते मुळात ऑफिसातल्या बैठकांसाठी केलेलं आहे. सातवीतलं पोर फोनवर त्या सगळ्या बटणांच्या गर्दीत पेन शोधत बसतं.

सायलीताई, नावं बघण्याआधी एक ठरवा. सगळ्यांचा मिळून एक बोर्ड हवा, की प्रत्येकाची पाटी वेगळी आणि ती फक्त तुम्हाला दिसणारी? तुमची अडचण वाचून मला वाटतं, तुम्हाला दुसरं हवंय आणि तुम्ही शोधताय पहिलं. सामाईक बोर्डावर हुशार मुलगी आधी लिहून मोकळी होते, बाकीचे तिचं बघून लिहितात. म्हणजे पुन्हा पाच वेळा "हो मिस", फक्त आता लेखी.

तरीही सामाईक बोर्डाचा उपयोग आहे, तेव्हा तो आधी सांगतो. एक्सकॅलिड्रॉ वापरा. ब्राउझरमध्ये उघडतं, कुणालाही खातं लागत नाही, फोनवर बोटाने लिहिता येतं. तासाआधी तुमच्या लॅपटॉपवर उघडा, `F` दाबून फ्रेम काढा, अशा पाच फ्रेम शेजारी शेजारी, प्रत्येकीला एका मुलाचं नाव. वर प्रश्न लिहा, त्याच्यावर राइट क्लिक करून `Lock` करा, म्हणजे कुणाच्या बोटाने तो सरकत नाही. मग `Share` मध्ये जाऊन `Live collaboration` सुरू करा आणि मिळालेली लिंक चॅटमध्ये टाका. लिंक अशी दिसते:

```
https://excalidraw.com/#room=खोलीचा-क्रमांक,किल्ली
```

स्वल्पविरामानंतरचा भाग ही किल्ली असते. बोर्डावरचा मजकूर तिनेच कुलूपबंद होतो. लिंक अर्धवट कॉपी झाली तर पोराला तुमचा बोर्ड दिसणारच नाही आणि ते म्हणणार, "मिस, माझ्याकडे पांढरंच आहे." तेव्हा नेटला दोष देण्याआधी लिंकचं शेपूट बघा.

आणखी एक. कुणीतरी एकदा तरी सगळं सिलेक्ट करून डिलीट करणारच. अजाणतेपणी असो की जाणूनबुजून. तास सुरू होण्याआधी मेनूतून फाइल तुमच्या मशीनवर सेव्ह करून ठेवा, पाच रिकाम्या फ्रेमसकट. पुढच्या तासालाही तीच उघडायची.

गार्गी_भाषा

फोनवाल्या दोघांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितेय. एकाच फोनवर मीटिंगही आणि बोर्डही असेल तर मूल ब्राउझरमध्ये गेलं की त्याचा कॅमेरा बंद पडतो. आवाज चालू राहतो, चेहरा जातो. मीटिंगमध्ये काळा चौकोन दिसला की आपल्याला वाटतं स्वारी उठून गेली. तसं नसतं. बोर्डाच्या वेळी आवाजावरच भागवायचं, आणि "आता परत माझ्याकडे या" असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर ती तिकडेच चित्रं काढत बसतात.

आणि फोनच्या पडद्यावर त्या पाच फ्रेम म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. मुलाला स्वतःच्या फ्रेमपाशी झूम करायला दोन बोटांनी ताणावं लागतं. पहिल्या तासाला तेवढाच सराव घ्या, गणित नको.

निवृत्त_मास्तर

एवढा खटाटोप कशाला? कोरा कागद, जाड मार्कर. गणित सोडवा, मी "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम कागद कॅमेऱ्यासमोर धरा. पाच खिडक्या, पाच कागद, एका नजरेत. ना लिंक, ना झूम. "दाखवा" म्हणेपर्यंत कागद पालथा ठेवायचा, म्हणजे नक्कल नाही.

एक गंमत सांगतो. मुलाला स्वतःच्या पडद्यावर कागद आरशासारखा उलटा दिसतो, म्हणून ते घाबरून कागद फिरवत बसतं. आपल्याला सरळच दिसत असतो. एकदा समजावून सांगितलं की झालं.

अभय_फळेवाला

मास्तर, तुमच्या पद्धतीला माझा विरोध नाही, उलट पाच मुलांपर्यंत तीच सगळ्यात जलद आहे. पण त्यात शेवटचं उत्तर दिसतं. मधल्या पायऱ्या बारीक अक्षरात असतात आणि साध्या कॅमेऱ्यात त्या वाचता येत नाहीत. मूल नेमकं कुठे अडलं ते त्या पायऱ्यांतच असतं.

लिहिणं चालू असताना बघायचं असेल तर वेगळ्या पाट्या हव्यात. त्यासाठी मी डेस्मॉस क्लासरूम वापरतो. त्याचं नाव आता अँप्लिफाय क्लासरूम झालंय. आपण आपली अॅक्टिव्हिटी बनवायची, एका पडद्यावर प्रश्न आणि खाली `Sketch` चा चौकोन. मुलं कोड टाकतात, नाव लिहितात, खातं लागत नाही. आपल्या डॅशबोर्डवर पाचही चौकोन एकत्र दिसतात आणि मूल लिहीत जाईल तसतसे भरत जातात. कोण पहिल्याच पायरीवर थबकलंय ते तेव्हाच कळतं. एखादी पाटी सगळ्यांना दाखवायची असेल तर आधी `Anonymize` दाबा, मुलांच्या नावांऐवजी गणितज्ञांची नावं येतात. `Pause` दाबलं की सगळ्यांचे पडदे थांबतात. गार्गीताई म्हणतात ते "परत माझ्याकडे या" यानेच होतं.

तोटा एवढाच की बटणं इंग्रजीत आहेत आणि बोटाने लिहिलेलं अक्षर फार सुंदर येत नाही. अपूर्णांक तर कठीणच, वरचा आकडा, आडवी रेघ, खालचा आकडा. मुलांना एका चौकोनात एकच पायरी लिहायला सांगा, मोठ्या अक्षरात, आणि पुढच्या पायरीसाठी पुढचा पडदा ठेवा.

सायली_गणित

अभयदादा, वेगळ्या पाट्यांचं पटलं. मला तेच हवं होतं. मास्तरांची कागदाची युक्ती उद्याच करून बघते, तिला तयारी काहीच लागत नाही.

आता क्विझ. कहूटवर मुलं खरंच रमतात, पण निकाल बघून मला फारसं काही कळत नाही. "६० टक्के बरोबर" म्हणजे पाचातले तीन. पुढे काय करायचं?

कुंदन७७

कहूटमध्ये प्रश्नाप्रमाणे अहवाल मिळतो की. कुठला प्रश्न कठीण गेला ते दिसतं. आणि लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणून मुलं लक्ष देऊन बसतात.

अभय_फळेवाला

लवकर उत्तराचे गुण हीच तर अडचण आहे. छेद समान करायला सातवीतल्या मुलाला अर्धा मिनिट लागतो, कधी जास्त. ज्याचं नेट मंद त्याच्याकडे प्रश्न उशिरा उतरतो. मग मूल गणित न करता जवळचं बटण दाबतं. पाढे, व्याख्या, वर्गसंख्या यांना कहूट छान. पायऱ्यांच्या गणिताला नको. क्विझिझ, म्हणजे आताचं वेग्राउंड, त्यात निदान वेळेचं घड्याळ बंद करून मुलाच्या चालीने घेता येतं.

पाच मुलांच्या बॅचमध्ये टक्केवारीला अर्थ नाही हे सायलीताईंनी बरोबर पकडलंय. कुणी कुठला *चुकीचा* पर्याय निवडला, हे बघायचं. त्यासाठी साधे गूगल फॉर्म्स पुरतात, पण चुकीचे पर्याय विचार करून ठेवले असतील तरच. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखीची चूक हवी.

कुंदन७७

म्हणजे असं का? 1/2 + 1/3. बरोबर उत्तर 5/6. वर-वर खाली-खाली मिळवणाऱ्यासाठी 2/5. छेद 6 केला पण अंश तसेच ठेवले त्याच्यासाठी 2/6. आणि बेरजेऐवजी गुणाकार केला त्याच्यासाठी 1/6.

अभय_फळेवाला

वा, दिशा अगदी बरोबर. पण संख्या बदला. 1/2 मधून 1/3 वजा केले तरी 1/6 च येतात. मग 1/6 निवडणाऱ्याने गुणाकार केला की वजाबाकी, काय समजायचं? अंश 1 आणि छेद लागोपाठचे असले की हा घोळ होतोच. 1/3 आणि 1/4 घ्या, दोन्हीकडून 1/12.

त्याऐवजी 3/4 + 1/6 घ्या. वर-वर खाली-खाली मिळवलं तर 4/10. छेद 12 केला पण अंश तसेच ठेवले तर 4/12. वजाबाकी केली तर 7/12. गुणाकार केला तर 3/24. बरोबर उत्तर 11/12. पाचही वेगळे, कुणाची कुणाशी गल्लत नाही. छेदांचा सरळ गुणाकार करून 22/24 आणणारं मूलही असेल. ते उत्तर बरोबरच आहे, फक्त संक्षिप्त रूप द्यायचं राहिलं. म्हणून प्रश्नातच "अतिसंक्षिप्त रूपात" असं लिहा.

शेवटचा पर्याय "मला सांगता येत नाही" असा ठेवा, आणि तो निवडला तर कुणी रागावणार नाही हे आधी सांगून ठेवा. चार पर्याय असले की नुसत्या अंदाजाने पाचातल्या एखाद्याचं उत्तर बरोबर येऊन जातं. आपल्याला वाटतं, त्याला आलं.

सायली_गणित

फॉर्ममध्ये चुकलेल्या मुलाला तिथल्या तिथे सूचना देता येईल का? `Feedback` मध्ये लिहिलेलं तर सबमिट केल्यावरच दिसतं.

अभय_फळेवाला

येते. प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Go to section based on answer` आहे. पर्याय निवडायच्या प्रश्नांनाच ती सोय मिळते, उत्तर टाईप करायच्या प्रश्नांना नाही.

पहिल्या विभागात वरचा प्रश्न. 4/10 निवडणाऱ्याला विभाग २ मध्ये पाठवा. तिथे लिहा, "3/4 म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त. त्यात आणखी काही मिळवलं. 4/10 अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?" 4/12 वाल्याला विभाग ३ मध्ये, "छेद 4 चा 12 झाला म्हणजे 3 ने गुणलं. मग वरच्या 3 चं काय व्हायला हवं?" 11/12 वाला सरळ शेवटच्या विभागात.

दोन ठिकाणी पाय अडकतो. एक, प्रत्येक विभागाच्या शेवटी फॉर्म आपोआप *पुढच्या* विभागात जातो. विभाग २ च्या खाली "After section 2" मध्ये शेवटचा विभाग निवडला नाही, तर 4/10 वाल्या मुलाला 4/12 ची सूचनाही वाचावी लागेल. दोन, सूचनेनंतर मुलाला परत पहिल्या प्रश्नावर पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. तो तिथे उत्तर बदलतो आणि तुमच्याकडे फक्त बदललेलं उत्तर येतं. पहिली चूक पुसली गेली, म्हणजे ज्यासाठी हा सगळा उद्योग केला तेच हातचं गेलं. त्याऐवजी सूचनेखालीच नवा प्रश्न द्या, समजा 2/3 + 1/4, आणि त्याला ० गुण ठेवा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मिळतात.

मेघना_पालक

मी शिक्षिका नाही, माझी मुलगी अशाच एका बॅचला आहे. मला विचारायचंय की मुलं दुसऱ्या टॅबमध्ये उत्तर शोधतात त्यावर काही उपाय? गूगल फॉर्ममध्ये लॉक मोड असतो म्हणे.

अभय_फळेवाला

मेघनाताई, तो मोड फक्त शाळेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुकवर चालतो. घरच्या लॅपटॉपला किंवा फोनला नाही. आणि या क्विझचे गुण कुठे लागतच नसतील तर शोधून लिहिण्यात मुलाला फायदा काय? गुण पालकांना पाठवणं बंद केलं की शोधाशोध बरीच कमी होते, असं मला वाटतं.

मेघना_पालक

पण आम्हाला गुण हवे असतात हो. नाहीतर प्रगती कळणार कशी?

गार्गी_भाषा

हा वाद वेगळाच आहे :) मी फॉर्मचा एक त्रास सांगते. उत्तर टाईप करायचा प्रश्न ठेवला की फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. एका मुलाने 12 लिहिलं, दुसऱ्याने १२. उत्तरसूचीत एकच असेल तर दुसरा चुकला. कुणी "12 सेमी" लिहिलं तर तोही चुकला. मराठीच्या प्रश्नांत तर कहर. "दऱ्या" हा शब्द दोन कीबोर्डांवर दोन प्रकारे टाईप होतो, पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, आतून वेगळा असतो. मुलगी बरोबर लिहून शून्यावर. म्हणून मी असे प्रश्न हातानेच तपासते आणि गुण लगेच जाहीर न करता नंतर सोडते.

आकड्यांपुरता उपाय आहे. प्रश्नाला `Response validation` लावा, `Regular expression`, `Matches`, आणि हे टाका:

```
^[0-9]+$
```

मग फक्त इंग्रजी आकडेच स्वीकारले जातात. खाली मराठीत सूचना लिहा, नाहीतर मुलांना कळत नाही फॉर्म पुढे का जात नाही.

सायली_गणित

हे बरं झालं सांगितलंत. अपूर्णांकासाठी मधली तिरकी रेघही चालायला हवी, म्हणजे हे बदलावं लागेल ना?

गार्गी_भाषा

हो, `^[0-9]+/[0-9]+$`. पण अपूर्णांकाला पर्यायच द्या. टाईप करताना मुलं मध्ये स्पेस सोडतात आणि फॉर्म अडून बसतो.

अभय_फळेवाला

पर्याय दिले तरी एक खोच आहे. उत्तरं शीटमध्ये गेली की 4/10 ही तारीख समजली जाऊ शकते, आणि मग रकान्यात भलतंच काही दिसतं. पर्याय नुसता "4/10" न ठेवता "4/10 भाग" असा लिहा, म्हणजे तो मजकूरच राहतो. प्रश्नही तसाच बेता : टाकीचा 3/4 भाग आधी भरला होता, आणखी 1/6 भाग भरला, आता किती भाग भरली?

मुलांचे ईमेल गोळा करू नका, नावाचा एक प्रश्न पुरे. `Limit to 1 response` लावलंत तर लॉगिन मागेल, ते बंदच ठेवा. एखाद्याने दोनदा भरलं तर वेळेवरून कळतं.

सायली_गणित

करून बघितलं मंडळी. टाकीचा प्रश्न, सहा पर्याय, "सांगता येत नाही" धरून. 3/24 ठेवलाच, कारण मागच्या आठवड्यात गुणाकार झाला होता.

दोघांनी 11/12. दोघांनी 4/12. एकाने "सांगता येत नाही". 4/10 कुणीच नाही, मला तर तेच भरपूर येतील असं वाटत होतं. म्हणजे छेद समान करायचा हे मुलांना ठाऊक आहे, *का* करायचा ते नाही.

4/12 वाल्या दोघांना सूचना वाचून पुढचा प्रश्न आला, 2/3 + 1/4. एकाने बरोबर 11/12 काढलं. दुसऱ्याने पुन्हा 3/12. नंतर त्याला एकट्याला थांबवून विचारलं, तर तो म्हणाला, "मिस, खालचा बदलला तर वरचा कशाला बदलायचा, तो तर दिलेला आहे ना." मी टाकी काढून तिचे आधी 4 आणि मग 12 भाग करून दाखवले. ती रेघ न् रेघ त्याने स्वतः मारली, कागदावर, कॅमेऱ्यासमोर.

कुंदन७७

पण एक लक्षात आलं का? पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 11/12 च आहे. ज्याला दुसऱ्यांदा बरोबर आलं त्याने पहिल्यातला पर्याय बघून तर नाही ना निवडला?

अभय_फळेवाला

कुंदन, बरोबर पकडलंस. 8/12 + 3/12, तेही 11/12. दुसऱ्या प्रश्नाला 2/5 + 1/4 घ्या, 13/20 येतात. मिळवले-मिळवले तर 3/9, अंश तसेच ठेवले तर 3/20, वजा केले तर 3/20...

कुंदन७७

थांबा, 8/20 वजा 5/20, म्हणजे 3/20. पुन्हा तोच घोळ!

अभय_फळेवाला

हो. मग 5/6 + 1/8 घ्या. 20/24 आणि 3/24, बेरीज 23/24. वर-वर खाली-खाली 6/14, अंश तसेच तर 6/24, वजाबाकी 17/24, गुणाकार 5/48. तपासून घ्या कुणीतरी.

निवृत्त_मास्तर

तपासलं, बरोबर आहे. पण 6/24 म्हणजे 1/4, आणि संक्षिप्त रूप द्यायची सवय असलेलं पोर ते 1/4 करून शोधेल आणि पर्यायांत सापडणार नाही. 6/14 चेही 3/7 होतात. 4/12 चं तेच, 1/3.

सायली_गणित

मास्तर, मग चुकीचे पर्यायही संक्षिप्त करून ठेवायचे का? 1/3 बघून मला ते कुठून आलं हे ओळखता येईल, पण मुलाला सूचना लिहिताना अवघड जाईल.

निवृत्त_मास्तर

मी असतो तर प्रश्नातलं "अतिसंक्षिप्त रूपात" काढून टाकलं असतं, आणि बरोबर उत्तर देताना 22/24 पण वेगळा पर्याय म्हणून ठेवला असता. दोन्हींना गुण.

अभय_फळेवाला

फॉर्ममध्ये एकच पर्याय निवडायच्या प्रश्नालाही उत्तरसूचीत दोन बरोबर उत्तरं ठेवता येतात. त्यासाठी चेकबॉक्स मात्र घेऊ नका, त्यात विभागात पाठवायची सोय जाते. 22/24 वाल्याला गुण देऊन त्याच्या वेगळ्या विभागातही पाठवता येईल, तिथे "बरोबर, आता संक्षिप्त कर" एवढंच. मेघनाताईंना गुणांचं काय सांगायचं ते मात्र सायलीताईंनी ठरवावं.